सोन्याच्या चार्टवरच्या लाल-हिरव्या कांड्या कशा वाचायच्या? आणि ते सपोर्ट-रेझिस्टन्स कोण आखतं?

दुधना_काठ
रामराम मंडळी. मी सेलूकडचा. वैशाखात पोरीचं लग्न आहे, पाच तोळे करायचे ठरलंय. पुतण्या पुण्याला कंपनीत असतो. दिवाळीला आला तेव्हा त्यानं माझ्या मोबाइलवर सोन्याचा चार्ट उघडून दिला. वर XAUUSD लिहिलंय, बाजूला 1D. "काका, सपोर्टला आलं की घ्या, रेझिस्टन्सला घेऊ नका," एवढं सांगून गडी गाडीत बसला.

आता मी रोज रात्री जेवण झालं की ते उघडून बघायलोय. लाल-हिरव्या कांड्या आहेत. काहींना वर शेंडी, काहींना खाली शेपूट, काहींना दोन्ही. आकडे चार-चार हजाराचे दिसतात आणि आपल्याकडं तोळा लाखाच्या पार गेलाय, ते काय गणित तेही कळंना. आणि सपोर्ट म्हणून रेघ कुठंच दिसत नाही. मला ट्रेडिंग-बिडिंग करायची नाही. फक्त समोर दिसतंय ते वाचता यावं, एवढंच.

हुरडा_पार्टी
मेणबत्त्या आहेत त्या. लाइट गेल्यावर उपयोगी पडतात. आमच्याकडं रोज रात्री आठला जातीच.

तुरीची_शेंग
म्हणजे आता सोन्याला पण सपोर्ट प्राइस? 2024-25 ला सोयाबीनला 4892 जाहीर केले आणि मी मोंढ्यात सव्वाचार हजारानं घालून आलो. खरेदी केंद्रावर ओलावा जास्त म्हणून दोनदा माघारी पाठवलं. भाड्याचा टेम्पो होता, दोन्ही खेपांचे पैसे माझ्याच खिशातून गेले. सरकारनं आधी सोयाबीनचा सपोर्ट सांभाळावा, सोन्याचं नंतर बघू.

हुरडा_पार्टी
शेंगदादा, तो सपोर्ट वेगळा हो!

मोंढ्यातला
मी सांगतो सोप्यात. आमची आडत आहे, मला हे मोंढ्यावरूनच समजलं.

सोयाबीनचा एक दिवस धरा. सकाळी पहिला सौदा 4300 ला सुटला. मधे एका मिलवाल्याला गाडी भरायची घाई होती, त्यानं 4410 पर्यंत बोली नेली. दुपारी आवक वाढली, भाव 4260 पर्यंत खाली आला. संध्याकाळी शेवटचा सौदा 4380 ला झाला. आता हा अख्खा दिवस एका कांडीत बसवायचा. पहिला सौदा 4300 आणि शेवटचा 4380, यांच्यामधला भाग जाड काढायचा. ती कांडी. 4380 पासून 4410 पर्यंत वर बारीक रेघ, ती शेंडी. 4300 पासून खाली 4260 पर्यंत बारीक रेघ, ती शेपूट. झाली कॅन्डल. 1D म्हणजे एक कांडी एक दिवसाची.

रंगाचं सोपं आहे. कालच्यापेक्षा भाव चढला तर हिरवी, उतरला तर लाल.

दुधना_काठ
मोंढ्यातले भाऊ, हे एकदम डोक्यात बसलं. म्हणजे शेंडीच्या टोकाला माल विकला गेला, पण भाव तिथं टिकला नाही. असंच ना?

सिडकोवाली
दुधनाकाका, हे बरोबर धरलंत. "टिकला नाही" हाच शब्द धरून ठेवा, पुढं सगळं त्यावरच आहे. (मी संभाजीनगरला एका ब्रोकरकडं कमोडिटीच्या टेबलावर नऊ वर्षं बसले. आता घरी असते, पण डोळ्यांची सवय जात नाही.)

मोंढ्यातले दादांचं वर्णन छान, पण रंगाचं चुकलं. रंगाचा कालच्या भावाशी संबंध नाही. आजचा शेवटचा सौदा आजच्या पहिल्या सौद्याच्या वर असेल तर हिरवी, खाली असेल तर लाल. समजा काल 4380 ला बंद झालं आणि आज सकाळी पहिलाच सौदा 4200 ला सुटला. मग दिवसभर चढत-चढत 4290 ला बंद झालं. कालच्यापेक्षा नव्वद रुपये कमी मिळाले, तरी कांडी हिरवीच. नुसती हिरवी बघून "आज सोनं वाढलं" म्हणणारे फसतात ते इथं.

मोंढ्यातला
हो का? मी दोन वर्षं उलटंच समजत होतो. जाऊ द्या, सोयाबीनला काय रंग नसतो.

खडू_फळा
काही अ‍ॅपमध्ये रंगाचं सेटिंग बदलता येतं, कालच्या बंद भावाशी तुलना करून रंग देतात. त्यामुळं मोंढ्यातले दादा अगदीच चुकलेत असं नाही. पण न विचारता उघडणारा चार्ट ताई म्हणतात तसाच असतो.

आकड्यांचं काकांनी विचारलंय ते राहिलंच की. XAUUSD म्हणजे एका ट्रॉय औंसाचा भाव डॉलरमध्ये. औंस 31.1 ग्रॅमचा. रुपये नाहीत ते, आणि तोळाही नाही.

दुधना_काठ
हात्तिच्या! मी रुपये समजून बायकोला म्हणलो होतो, बाहेरदेशी सोनं लई स्वस्त आहे.

हुरडा_पार्टी
काका, तिकीट काढा, आम्ही पण येतो.

सिडकोवाली
आता सपोर्ट-रेझिस्टन्स. काका, रेघ दिसत नाही कारण ती चार्टवर नसतेच, बघणारा आखतो. नव्या माणसाला आजचा चार्ट देऊन उपयोग नाही, कारण पुढं काय झालं ते कुणालाच माहीत नसतं. म्हणून जुना भाग घ्या. चार्ट मागं सरकवून 2020 पर्यंत न्या आणि बाजूला 1D च्या जागी 1W करा, म्हणजे एक कांडी एका आठवड्याची. गर्दी कमी होईल.

ऑगस्ट 2020 मध्ये सोनं 2075 डॉलरला टेकलं आणि तिथून पडलं, चार-पाच दिवसांत दोनशे डॉलर खाली. मार्च 2022, युक्रेनची लढाई सुरू झालेली, भाव परत चढला. 2070 पर्यंत गेला आणि परतला. मे 2023, अमेरिकेत बँका अडचणीत होत्या, परत तिथंच. आता या तिन्ही टोकांवरून बोट आडवं फिरवा. जवळपास सपाट जातं. हा झाला रेझिस्टन्स. कुणी जाहीर केलेला नाही. तीन वर्षांत तीन वेळा भाव तिथं जाऊन माघारी आला, एवढीच त्याची नोंद.

कामून माघारी येतो? त्यातलं एक कारण मोंढ्यातल्या दादांना लगेच पटेल. ऑगस्ट 2020 ला ज्यांनी वरच्या टोकाला घेतलं ते दीड वर्ष तोट्यात बसले. भाव परत त्यांच्या खरेदीला आला की ते म्हणतात, नफा नको, मुद्दल सुटलं बास. आणि विकून मोकळे होतात. शिवाय ते टोक सगळ्यांना दिसतंच, त्यामुळं नफेवालेही तिथंच विकायला उभे असतात.

शेंगदादा, तुमचा राग बरोबर आहे, फक्त तुमचा सपोर्ट सरकारनं छापलेला असतो आणि हा चार्टवरून मागाहून ओळखलेला असतो. मोडतात मात्र दोन्ही.

मोंढ्यातला
अगदी. तूर दहा हजारानं घरात ठेवलेला माणूस साडेनऊला विकत नाही. दहाला आली की दुसऱ्या दिवशी पोत्यांची रांग लागते. तिथंच भाव थटतो.

बोरमाळ
आमचं सराफी दुकान आहे, तिसरी पिढी. एक विचारतो. आमच्या बोर्डावरच्या भावावरून असा चार्ट काढता येईल का? गिऱ्हाईक हल्ली मोबाइल पुढं करून "आज सपोर्टला आलंय, भाव कमी लावा" म्हणतंय.

सिडकोवाली
नाही काढता येणार, बोरमाळ दादा. तुमच्या बोर्डावर दिवसाला एक, फार तर दोन भाव लागतात. कांडीला दिवसभरातले चार भाव लागतात. तुमच्या आकड्यांची नुसती रेघ निघेल, तिला शेंडी-शेपूट येणार नाही. आणि कोण कुठल्या भावाला थटलं ते तर शेंडीतच लिहिलेलं असतं.

खडू_फळा
पण ताई, तीन टोकं 2075, 2070 आणि तिसरं आणखी काहीतरी. मग रेघ नक्की कुठं मारायची? मी मे 2023 चं टोक एका अ‍ॅपवर 2070 च्या जवळ पाहिलं, दुसऱ्यावर 2080.

सिडकोवाली
म्हणून रेघ नाही, पट्टा. सोन्याच्या डॉलरभावाला एकच बाजार नाही, प्रत्येक अ‍ॅप वेगळ्या ठिकाणाहून आकडे घेतं, शेंडीचं टोक पाच-दहा डॉलरनं इकडंतिकडं होतंच. पेन्सिल बारीक करून उपयोग नाही. 2070 ते 2080 एवढं जाड बांध समजा. शेताचा बांध काय एका दोरीएवढा असतो का?

आता यातली सगळ्यात शिकवणारी कांडी. काका, 1D वर परत या आणि 4 डिसेंबर 2023, सोमवार, शोधा. बोट ठेवलं की वर चार आकडे दिसतील. उघडलं साधारण 2072 ला, म्हणजे बरोबर बांधावर. तिथून 2135 पर्यंत गेलं. तोवरचा इतिहासातला सगळ्यात मोठा भाव. त्या पहाटे मला तीन जणांचे फोन आले, "ताई, फुटलं, फुटलं." दिवस संपला तेव्हा भाव 2029 च्या आसपास. आता कांडी बघा. वर साठेक डॉलरची लांब शेंडी, खाली लाल जाड भाग, शेपूट बारकी.

तुमच्या मघाच्या शब्दांत सांगायचं तर भाव बांधाच्या पलीकडं गेला पण तिथं टिकला नाही. आत येऊन पडला. शेंडीनं बांध ओलांडणं वेगळं आणि शेवटच्या सौद्यानं ओलांडणं वेगळं. पहाटे पाचला ज्यांनी "फुटलं" म्हणून घेतलं, त्यांच्या हाताला दिवस संपायच्या आत शंभर डॉलरचा चटका बसला.

नुस्ता_वाचतो
आत्ता उघडून बघितलं. खरंच, खिळा ठोकल्यासारखी उभी आहे.

बोरमाळ
मला तो दिवस आठवतो, पण आमच्याकडं एवढं काही झालं नव्हतं. एमसीएक्सवर, म्हणजे आपल्याकडच्या वायदेबाजारात, सकाळी वर उघडून दिवसभर खाली आलं, बस.

सिडकोवाली
कारण 2135 आपल्या घड्याळात पहाटे झालं आणि एमसीएक्स सकाळी 9 ला उघडतं. तोवर निम्मं-अधिक ओसरलं होतं. ती शेंडी आपल्या कांडीत आलीच नाही. एकाच दिवसाची एकाच सोन्याची कांडी दोन चार्टवर दोन तऱ्हेची दिसते ती अशी.

गोदावरी_एक्सप्रेस
ताईंचा मान राखून बोलतो. हे सगळं झाल्यावर सांगायला सोपं. तीन वेळा थटलं म्हणून रेझिस्टन्स पक्का म्हणायचं, आणि चौथ्यांदा मोडलं की म्हणायचं वारंवार ठोकून कच्चा झाला होता. मग नेमकं काय? जितकी ठोकर तितका पक्का, की तितका कच्चा?

मोंढ्यातला
पक्का. तीनदा अडवलेला पहिलवान चौथ्यांदाही अडवणार.

खडू_फळा
मला उलट वाटतं. प्रत्येक वेळी तिथं विकणाऱ्यांचा माल संपत जातो. चौथ्या वेळी विकायला कोण उरतं?

सिडकोवाली
गोदावरी भाऊ, तुमची शंका खोटी नाही. नऊ वर्षं बसून मलाही याचं एक उत्तर मिळालेलं नाही. आमच्या टेबलावर यावरून रोज वाद व्हायचे. खालच्या बाजूचंच बघा. 1680 च्या आसपास मार्च 2021 ला भाव सावरला, त्याच ऑगस्टला एका सोमवारी पहाटे धाडकन तिथपर्यंत पडून सावरला, जुलै 2022 ला परत सावरला. असा सपोर्ट सगळ्यांच्या तोंडी होता. सप्टेंबर 2022 ला मोडला. 1615 च्या जवळ गेला. लोक म्हणाले, आता 1500. नोव्हेंबरात भाव परत 1700 च्या वर! म्हणजे मोडला हेही खरं आणि मोडणं खोटं ठरलं हेही खरं.

मी एवढंच म्हणेन की पट्टा बघून पुढचा भाव कळत नाही. लोक कुठं जागे होतात ते कळतं.

पैठणी_पदर
मी माझी गोष्ट सांगू का? काकांच्या कामाची आहे.

माझ्या भाचीचं लग्न एप्रिल 2024 चं. फेब्रुवारीत एमसीएक्सला बासष्ट हजारांच्या आसपास होतं. आमचे हे रोज व्हिडिओ बघतात. मार्चच्या सुरुवातीला सोनं जुन्या बांधावरून खरंच वर गेलं, हे म्हणाले, आता "रीटेस्ट" होणार. म्हणजे फुटलेला रेझिस्टन्स आता सपोर्ट होतो, भाव त्याला शिवायला परत खाली येतो, तेव्हा घ्यायचं. आम्ही थांबलो. जाऊबाईंनी घेऊन टाकलं. आम्ही थांबलोच. एप्रिलच्या मध्यात बहात्तर हजार. पाच तोळ्याला पन्नास हजार जास्त गेले. ह्यांचा मोबाइल मी तेव्हापासून फक्त पंचांगापुरता ठेवलाय.

हुरडा_पार्टी
रीटेस्ट झाली की, पण भावजींची 😄

सिडकोवाली
पैठणीताई, तुमच्या यजमानांनी नियम चुकीचा ऐकला नव्हता, तो नेहमी घडतो असं समजले. फुटलेला रेझिस्टन्स पुढं सपोर्ट म्हणून काम करतो, पुष्कळदा करतो. पण 2075 फुटल्यावर त्या वेळी भाव तिथवर परत आलाच नाही. मार्चमध्ये 2150 ते 2200 च्या मधे थोडा रेंगाळला आणि चालू लागला. थांबणाऱ्यांना घ्यायची जागाच मिळाली नाही.

आणि ते फुटणं 4 डिसेंबरपेक्षा वेगळं कसं दिसत होतं तेही बघा. डिसेंबरच्या अखेरीस भाव परत 2075 च्या वर डोकावून आत आलेला. 1 मार्चला मात्र शेवटचा सौदा 2080 च्या वर गेला. पुढच्या सोमवारी तिथून आणखी वर, मंगळवारी आणखी वर. शेंड्या बारक्या, जाड भाग मोठे, आणि दिवस संपताना भाव वरच्याच अंगाला. पण हे मंगळवारी संध्याकाळी कळतं, शुक्रवारी सकाळी नाही. तोवर वाट बघायची म्हणजे चाळीस-पन्नास डॉलर सोडून द्यायचे. तेवढी किंमत मोजावीच लागते.

बोरमाळ
मला यात एक टाकू द्या, कारण गिऱ्हाइकाचा मोठा गैरसमज होतो. डॉलरच्या चार्टवर सपोर्ट बघून आमच्या दुकानात भाव पाडायला येऊ नका. 23 जुलै 2024, बजेटचा दिवस. आयात शुल्क 15 टक्क्यांवरून 6 वर आणलं. भाषण चालू असतानाच एमसीएक्सवर भाव कोसळायला लागला, तोळ्याला चार हजारांच्या आसपास खाली. आमच्याकडं मोठा स्टॉक पडून होता, त्या दिवसाचा हिशेब मी वडिलांना आठवडाभर दाखवला नाही. डॉलरच्या चार्टवर तो दिवस शोधून बघा, काही विशेष सापडणार नाही.

सिडकोवाली
हे अगदी मोलाचं. रुपयाच्या चार्टवर त्या दिवशी जी लांब लाल कांडी आहे ती बाजारानं काढलेली नाही, दिल्लीनं काढली. तिच्या आधी रुपयात आखलेले पट्टे तिच्यानंतर निकामी. त्यामुळं काका, पट्टे शिकायचे तर डॉलरच्या चार्टवर शिका. पण तुमच्या खिशातून जाणार रुपये. त्यात डॉलरचा दरही येतो. डॉलरमध्ये सोनं जागच्या जागी आणि रुपया घसरला तर आपल्या चार्टवर कांड्या हिरव्याच.

गोदावरी_एक्सप्रेस
आणि वर 3 टक्के जीएसटी आणि घडणावळ, ती चार्टवर कुठंच नाही. काकांना पोरीचे दागिने करायचेत, बिस्किट नाही. बोरमाळ दादा, घडणावळ किती लावता?

बोरमाळ
डिझाइनवर आहे हो. साधी अंगठी आणि बोरमाळ यांत जमीन-अस्मान. इथं आकडा लिहिला तर उद्या गिऱ्हाईक हाच धागा उघडून दाखवेल.

हुरडा_पार्टी
रेझिस्टन्स म्हणतात तो हाच बघा.

दुधना_काठ
मंडळी, चार दिवस आलो नाही, कापूस वेचणी होती. सगळं सावकाश दोनदा वाचलं. काल रात्री पोरीला शेजारी बसवून चार्ट मागं सरकवला. 4 डिसेंबर 2023 सापडला. लाल, लांब शेंडी. 1W केलं, तो आठवडाही लाल. मग चुकून बोट 1M वर पडलं, महिन्याची कांडी. तर डिसेंबर 2023 हिरवा निघाला! शेंडी आहे वर, पण अंग हिरवं. पोरगी म्हणाली, बाबा, मोबाइल बिघडला. आता यातलं खरं कोणतं?

सिडकोवाली
दोन्ही खरं, काका. महिना उघडला तेव्हा भाव 2036 च्या आसपास होता. बंद झाला 2062 च्या आसपास, म्हणजे हिरवाच. त्या सोमवारची उसळी महिन्याच्या कांडीत नुसती शेंडी होऊन राहिली. दिवसाच्या कांडीत जो दणका दिसतो तो महिन्याच्या कांडीत किरकोळ. पहाटे घेऊन संध्याकाळी विकणाऱ्यासाठी तो लाल दिवस म्हणजे घर बुडणं होतं. तुम्हाला वैशाखात घ्यायचंय, तुम्ही रोज रात्री 1D कशाला बघता? 1W वर गेल्या वर्षभराची टोकं बघा आणि दोन पट्टे आखा, एक वरचा, एक खालचा.

दुधना_काठ
आखले. पोरीनं आखले, माझ्या बोटाला जाड रेघच येते.
वरचा पट्टा नीट जमला, दोन टोकं जवळजवळ सारखी आहेत. खालचा जमंना. एकच शेपूट आहे, परत तिथं भाव आलाच नाही. त्याला सपोर्ट म्हणायचं का?

सिडकोवाली
नाही म्हणायचं. एकदा टेकला तो नुसता तळ. परत येऊन तिथं सावरला तर पट्टा म्हणू. तोवर रिकामं सोडा. पुतण्याच्या "सपोर्टला आलं की घ्या" या सल्ल्यात अडचण तीच आहे. भाव चढत असतो तेव्हा बहुतेक वेळा जवळपास सपोर्ट नसतोच.

दुधना_काठ
मग मी असं ठरवलंय. कापसाचे पैसे आले की अडीच तोळे आत्ता, अडीच माघात. माघातला दिवस आधीच ठरवून टाकला, बाजाराचा वार आहे. चार्ट बघायचा, पण मुहूर्त त्याला विचारायचा नाही. मंडळी म्हणाली, एवढे दिवस मोबाइलमध्ये डोकं घालून शेवटी माझंच ऐकलंत ना.

पैठणी_पदर
वहिनींना नमस्कार सांगा.

तुरीची_शेंग
आता मला पण कळायलंय. ताई, सोयाबीनचा असा कांड्यांचा चार्ट कुठं बघायला मिळतो? पट्टा आखून बघतो.

सिडकोवाली
शेंगदादा, असा चार्ट वायद्यांच्या भावावरून निघायचा, आणि सोयाबीनचे वायदे सेबीनं डिसेंबर 2021 मध्ये बंद केले. आधी वर्षभरासाठी म्हणाले, नंतर मुदत वाढवत गेले. मोंढ्यातल्या दादांनी रोजचे चार भाव वहीत लिहिले तर तुम्हीच काढा.

मोंढ्यातला
लिहितो की. पहिला, वरचा, खालचा, शेवटचा. सोमवारपासून. लाल पेन मात्र शेंगदादांनी आणायचं, तेच जास्त लागणार.